पत्रिकेच्या पाकिटातली नोटीस

पेंटर दारात उभा राहून माझ्याशी बोलत होता, पण बघत होता भिंतीकडे. रविवारची सकाळ होती. कारंज्याला चैत्र सरता सरता जे ऊन पडतं ते नऊलाच अंगणात येऊन बसलं होतं, आणि मी कूलरमध्ये पाणी भरत होते. त्याच्या हातात टेप होता.

"मॅडम, घर कधी खाली होऊन राह्यलं? माप घेऊन ठेवतो म्हणलं."

"कोणतं घर?"

"हेच ना. वरच्या काकांनी सांगतलं, या हप्त्यात खाली होते म्हणून. लग्नाच्या आधी दोन हात मारून पाह्यजे."

मी म्हटलं, चूक झाली असेल. तो म्हणाला, चूक नाही, रंगसुद्धा ठरला आहे, पिस्ता. एवढं बोलून त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं, आणि मी, कोण जाणे कशी, ते धरून उभी राहिले. आपलंच घर दुसऱ्याच्या रंगासाठी मापून देणारी बाई त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

आत आई चहा गाळत होती. तिला दिसत नाही. साखरेच्या आजाराने तिची नजर दोन वर्षांत हळूहळू नेली. तळेगावकडचं आमचं गाव सोडून मी तिला माझ्याकडे आणलं तेव्हा तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी पंचायत समितीत लिपिक. लग्न केलं नाही, भाऊ नाही, त्यामुळे 'कोणाकडे राहील' हा प्रश्नच नव्हता. हे खालच्या मजल्याचं तीन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं आणि आई ते घर शिकली. शिकली असंच म्हणायला हवं. पहिले सहा महिने तिच्या नडग्यांवर कायम निळे डाग असायचे. ओट्याची कड, मोरीचा उंबरा, मागच्या दाराची खालची कडी, एकेक गोष्ट तिने हाताने आणि पायाने पाठ केली. त्यानंतर मात्र मी ऑफिसला गेले की ती एकटी राहायची, वरणभात करायची, कपडे वाळत घालायची आणि वर संध्याकाळी मलाच 'आज उशीर काऊन झाला' म्हणून विचारायची. अनोळखी माणूस घरात आला तर त्याला पाच मिनिटं कळायचं नाही की बाईला दिसत नाही.

घर बदललं की माझी आई पुन्हा आंधळी होणार होती. दुसरं काहीही नाही, मला भीती फक्त याचीच होती.

पेंटर गेल्यावर मी जिना चढून वर गेले. घरमालक काका पत्रिका वाटायला आर्वीकडे गेले होते. त्यांचं कृषी केंद्र आहे, हायवेला लागून. माणूस तसा मायेचा. आईला मोरीत धरायला दांडी त्यांनीच बसवून दिली होती, न मागता. काकू मात्र पहिल्यापासून हिशोबी. त्या पापड उलटवत गच्चीच्या दारात बसल्या होत्या.

"पेंटर आला होता," मी म्हटलं.

"हो, मीच धाडलं. आता किती दिवस रायले?"

"कशाला?"

काकूंनी हात थांबवला. "असं काऊन करता बाई? नोटीस तं देल्ली ना तुमाले. दहा दिवस झाले. पंधरा दिवसांची आहे."

"कोणाला दिली?"

"तुमच्या आईजवळ. पत्रिकेसंगंच."

मी खाली आले, शांत आवाजात बोलायचं ठरवून, आणि बोलले ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. "आई, काकांनी तुला कागद दिला होता?"

"कागद नाई. पत्रिका देल्ली, पोराच्या लग्नाची. तुले सांगतलं ना मी त्याच दिवशी."

सांगितलं होतं. 'वरच्यांची पत्रिका आली' असं तिने म्हटलं होतं आणि मी 'बरं' म्हटलं होतं. आमच्याकडे पत्रिका उघडून वाचतं कोण? आवतन तोंडी होतं. माणूस घरी येतो, चहा घेतो, तारीख सांगतो, मंगल कार्यालय सांगतो, 'नक्की येजो' म्हणतो, झालं. पत्रिका हा नुसता मान. आईच्या रीतीप्रमाणे आलेली पत्रिका लग्न लागेपर्यंत देवाजवळ राहते. लग्न तर आमच्या डोक्यावरच होतं, तारीख पाठ होती, त्यामुळे देव्हाऱ्यातलं ते पाकीट दहा दिवस रोज माझ्यासमोर होतं आणि त्याला मी रोज उदबत्ती ओवाळत होते.

पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. फोडलं तर आधी पिवळ्या अक्षता मांडीवर सांडल्या, मग पत्रिका, आणि पत्रिकेच्या घडीत चार पदरी घडी केलेला टाईप केलेला कागद. 'आपणास या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, सदर घराची आम्हास कौटुंबिक कारणास्तव गरज असल्याने आपण पंधरा दिवसांचे आत घर रिकामे करून ताबा द्यावा.' खाली सही, तारीख. एका हाताने लग्नाला या म्हणायचं आणि त्याच हाताने घराबाहेर काढायचं. मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्हीपैकी एकही पूर्ण आलं नाही.

"काय लिवलं?" आईने विचारलं.

मी सांगितलं. ती उठली, भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेली आणि रिकामीच परत आली. मला वाटतं ती पाहून आली, सगळं जागच्या जागी आहे ना ते.

आता नोटिसा हा माझा रोजचा धंदा. ऑफिसात महिन्याला कितीतरी टाईप करते. ग्रामसेवकाला, ठेकेदाराला, अतिक्रमणवाल्याला. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की माहीत होती: नोटिशीत काय लिहिलंय याने घाबरायचं नसतं, ती ज्या कागदाच्या जोरावर काढली तो कागद काय म्हणतो ते बघायचं असतं. मी कपाट उघडलं. आमचे चार करार होते, दर अकरा महिन्यांचा एक. चारही एकसारखे दिसणारे, निबंधक कार्यालयात नोंदलेले, काकांच्या आणि माझ्या अंगठ्याचे आणि फोटोंचे. पहिल्यांदा हाताला आला तो जुनाच, मुदत संपलेला. त्यावर नोटीस दोन महिन्यांची लिहिली होती आणि माझा जीव भांड्यात पडला. मग वरची मुदत वाचली आणि जीव परत बाहेर आला. जुन्या कराराच्या अटींवर आज भांडता येत नाही. चालू मुदतीचा कोणता तो आधी शोधायचा. तो सापडला, त्याचे अजून पाच महिने बाकी होते.

सही करताना आपण भाडं बघतो आणि तारीख बघतो. बाकीचं 'नेहमीचंच आहे' म्हणून करार टाईप करणाऱ्याने सांगितलेलं असतं. त्या दिवशी मी जमिनीवर बसून नोटीस डाव्या मांडीवर आणि करार उजव्या मांडीवर ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. घर तेच, नावं तीच. मुदतीआधी करार संपवता येतो का? येतो, दोघांपैकी कोणालाही, कारण न देता. म्हणजे काकांना आम्हाला काढण्याचा हक्क होता, त्यावर वादच नव्हता. पुढची ओळ: त्यासाठी एक महिन्याची लेखी नोटीस. पंधरा दिवसांची नाही, महिन्याची. दोन महिन्यांचा एक महिना कधी झाला ते मला आठवेना, पण सही माझी होती. त्याच्या पुढची ओळ: नोटीस पोच-पावतीच्या टपालाने पाठवावी, किंवा समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याची तारखेसह सही घ्यावी, आणि महिना त्या पोचेच्या तारखेपासून मोजावा. नोटिशीवरच्या तारखेपासून नव्हे.

आई दाराशी येऊन उभी होती. "आई, काकांनी तुझी सही घेतली? अंगठा?"

"पत्रिकेवर कोणी अंगठा घेते का?"

म्हणजे पोच नव्हती. मी ती ओळ तीनदा वाचली. सगळ्यात खाली अजून एक होती, नोटिशीची मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही तर दर दिवसाला दुप्पट भाडं. म्हणजे महिना कुठल्या दिवसापासून सुरू होतो हा नुसता वादाचा मुद्दा नव्हता, पैशाचाही होता.

सोमवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तहसीलच्या आवारात गेले. तिथे निंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एक वकीलबाई आहेत, आमच्या ऑफिसच्या कामाने ओळखीच्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले, करार आधी आणि नोटीस नंतर.

"ही नोटीस कराराप्रमाणे नाही," त्या म्हणाल्या. "मुदत अर्धी आणि पोच नाही. तसं लेखी उत्तर द्या. महिन्याची रीतसर नोटीस द्या म्हणावं, त्या दिवसापासून महिना धरू."

"आणि त्यांनी कुलूपच लावलं तर?"

"तसं लावता येत नाही. मुदत संपल्यावरसुद्धा त्यांना रीतसर अर्ज करूनच ताबा मागावा लागते. पण तुमीही बसून राहू नका, दुप्पटीची अट आहे." मग त्या जरा थांबल्या. "पाकीट खरंच दिलं होतं?"

"दिलं होतं. आईकडे."

"मग आईनं ते कबूल केलं की ते म्हणतील, पंधरा दिवस राहू द्या, महिना धरा, पण धरा त्या दिवसापासून. म्हणजे दहा-अकरा दिवस तुमचे आधीच गेले. पोच त्यांच्याजवळ नाही, तं दिलं होतं हे त्यांनी दाखवावं. खोटं बोलू नका. पण न विचारलेलं सांगूही नका. आईलाही सांगून ठेवा."

मला ते पटलं. अजूनही मी त्यात चूक मानत नाही. दहा दिवस म्हणजे काय हे मला माहीत होतं. माझा बेत असा होता की नवं घर लवकर शोधायचं, चावी आधी मिळवायची, आणि सामान हलवण्याआधी आईला रोज संध्याकाळी तिथे न्यायचं. रिकाम्या घरात तिला फिरवायचं, एकेक भिंत दाखवायची. पूर्ण महिना मिळाला तर घर शोधायला पंधरवडा गेला तरी तिला शिकायला पंधरवडा उरत होता. दहा दिवस कापले गेले तर शिकायला जेमतेम चार-पाच दिवस उरत होते.

संध्याकाळी मी आईला समोर बसवलं आणि ऑफिसात नव्या शिपायाला सांगतात तसं सांगितलं. "काका येतील. ते विचारतील, पाकीट दिलं होतं का. तू बोलू नकोस. मी बोलते."

"पण देल्लं होतं ना."

"दिलं होतं. पण त्यांनी सही घ्यायला पाहिजे होती."

"सही घेतली नाई म्हणून देल्लं नाई असं होते का?"

"कायद्यात होतं."

"माह्या हातात तं देल्लं होतं," ती म्हणाली. "मी पाणी देल्लं, त्यानं पाकीट देल्लं. मले विचारलं तं मी सांगीन."

मी भडकले. म्हटलं, हे कोणासाठी करतेय मी? तुझ्यासाठी. तुलाच पडायचं आहे त्या नव्या घरात, मला नाही. खरेपणाचा एवढा सोस असेल तर नडग्या तुझ्याच फुटतील. एवढं बोलल्यावर मी तोंड फिरवलं, तिला ते दिसणार नाही हे माहीत असूनही. ती शेंगा फोडत बसली होती, तशीच फोडत राहिली. तिचं असंच आहे. ती वाद घालत नाही, फक्त हलत नाही.

मी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे काका त्याच दिवशी दिवेलागणीला आले, काकूंसह. मी ओसरीत चार खुर्च्या टाकल्या होत्या. सेंटर टेबलवर करार आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवली होती. काकांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. दिवसभरात काकूंनी त्यांना तयार केलं असावं.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या," ते म्हणाले. "आमची अडचण समजून घ्या. वरती दोन खोल्या. पोरगा, सून, आम्ही. कसं होईल?"

"तुमची अडचण मला मान्य आहे, काका. घर तुमचं आहे. पण करारात महिना आहे." मी बोट ठेवलं त्या ओळीवर. "इथे पंधरा दिवस आहेत. शिवाय नोटीस रीतसर पोच घेऊन द्यायची आहे. पोच नाही. तुम्ही नवी नोटीस द्या, मी त्यावर सही करते. त्या दिवसापासून महिन्यात घर सोडते."

काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. त्यांनीही ती आयुष्यात पहिल्यांदाच वाचली असणार. काकूंनी वाचली नाही.

"महिना तं महिना," काकू म्हणाल्या. "पण तो त्या दिवसापासून धरा ना. नोटीस देल्ली तं होती. यांनी स्वतः आईच्या हातात देल्ली. का हो मावशी, देल्ली होती का नाई?"

हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मी आईकडे बघितलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान थोडी वर. मी मनात म्हणत होते, नको बोलूस. एकदा, फक्त आजचा दिवस नको बोलूस.

"देल्लं होतं," आई म्हणाली. "पाकीट मले देल्लं. म्या घेतलं."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की झालं ना आता. मी डोळे मिटले. आईचा मला त्या क्षणी खरोखर राग आला, असा राग की जो फक्त आपल्या आईचाच येऊ शकतो.

"मग झालं तं," काकू म्हणाल्या.

"थांब वं बाई," आई म्हणाली. ती काकूंशी बोलत नव्हती. तिने तोंड वळवलं ते काका बसले होते त्या बाजूला, अगदी बरोबर. "भाऊ, तू आलता तेव्हा काय म्हणला मले?"

काकांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"तू म्हणला, मावशी, पोराचं लगन ठरलं, हे आवतन. पोरीले घेऊन नक्की येजो. मी म्हणलं, येतो. तू म्हणला, जेवाले लवकर येजो, ऊन होते. एवढंच म्हणला. घर सोडा असं तू म्हणला का?"

"नाई, मावशी."

"मले डोळे नाईत हे तुले माहीत आहे. मोरीत दांडी तूच बसवली. मी कानानं वाचतो बापा. तू जे सांगतलं ते मले मिळालं. आवतन मिळालं. जे सांगतलं नाई, ते कसं मिळंन?"

मला एवढं आठवतं की कूलरचा आवाज फार मोठा वाटायला लागला होता. वकीलबाईंनी सांगितलेलं लेखी उत्तर माझ्या पर्समध्ये टाईप करून तयार होतं, आणि त्यात हे नव्हतं.

काकांनी चष्मा काढला. "लाज वाटली मावशी," ते म्हणाले. "तुमच्या हातचं पाणी घेऊन घर सोडा म्हणाची हिंमत झाली नाई. म्हणलं, बाई वाचतील कागद. पत्रिकेत घातला."

"तुमी मले तं म्हणाले होते, सांगून आलो म्हणून," काकू त्यांच्यावर उखडल्या. काकांनी मान खाली घातली. काकूंचा राग आता दुसऱ्या घरात शिरला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचीही दया आली. त्यांनाही लग्न डोक्यावर आलेलं, वर दोन खोल्या, आणि नवऱ्याने अर्धंच काम केलेलं.

"आता सांग," आई म्हणाली.

"काय सांगू?"

"नोटीस. वाच मले."

काकांनी टेबलावरचा कागद उचलला. "आपणास या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, सदर घराची आम्हास कौटुंबिक कारणास्तव..."

"तू मले सांगून राह्यला का तहसीलदाराले? बोल आपला."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग ते म्हणाले, "मावशी, पोराचं लगन आहे. सुनेले घर पाह्यजे. तुमी घर सोडा."

"केव्हा?"

त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे एकदा, कराराकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली.

"आजपासून महिन्यानं," काका म्हणाले.

"हां," आई म्हणाली. "आता मिळाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी नोटीस आणली, महिन्याची, दोन प्रतींत. मी त्यांच्या प्रतीवर 'मिळाली' लिहून तारीख घातली आणि सही केली. आई म्हणाली, माहाही अंगठा घ्या, नाई तं मंग पुन्हा भांडाल. काकांनी घेतला. कराराला त्याची गरज नव्हती. मी घेऊ दिला.

त्यांच्या पोराचं लग्न त्या महिन्यातच लागलं. नवी सून पहिले काही दिवस वरच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहिली, आणि जिन्यावर भेटली की माझ्याकडे अशी बघायची की जणू तिचंच घर मी अडवून बसलेय. खोटं नव्हतं ते. आम्ही लग्नाला गेलो, ऊन व्हायच्या आत जेवलो. पण मला महिना मिळाला म्हणून सगळं सोपं झालं नाही. खालच्या मजल्याचं घर मिळता मिळेना. एकाने आईला बघून भाडं वाढवलं, दुसऱ्याने 'म्हातारं माणूस आहे, काही झालं तर' असं म्हणून चावी परत घेतली. शेवटी शाळेमागच्या गल्लीत एक घर मिळालं तेव्हा महिन्यातले जेमतेम बारा दिवस उरले होते. रोज संध्याकाळी मी तिला घेऊन जायचे. ती रिकाम्या खोलीत भिंतीला तळहात लावून फिरायची आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून कोपऱ्याला शिवी द्यायची. नव्या घरमालकाचा करार मी मात्र सही करण्याआधी उभ्या उभ्या सगळा वाचला, त्याची चुळबूळ सुरू झाली तरी.

स्वयंपाकघर आणि मोरी तिची झाली होती. समोरची खोली अर्धी. मागचं अंगण अजिबात नाही. एवढ्या शिदोरीवर आम्ही राहायला गेलो.

पहिल्या सोमवारी मी तिला एकटीला सोडून ऑफिसला गेले. दार बाहेरून ओढून घेतलं, कडी लावली नाही. ऑफिसात माझ्याने एक ओळ टाईप होईना. दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. जुन्या घरी फोन ठेवायची जागा तिला पाठ होती, इथे ती जागाच मी दाखवली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी निघाले ते जवळजवळ धावतच. डोक्यावर पदर घ्यायचंसुद्धा भान नव्हतं. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही.

दार उघडेना. आतून कडी होती. ती कडी उंचावर होती, मी तिला ती दाखवलीच नव्हती, कारण मला नको होतं तिने ती लावायला. मी दार बडवलं. आत सामसूम. पुन्हा बडवलं, तिला हाक मारली, शेजारची बाई बाहेर आली.

मग आतून आवाज आला. तळहात भिंतीवर थापटत कोणीतरी येत होतं, सावकाश, मध्ये एकदा थांबून, मग पुन्हा.

"कोण आहे?"

"मी आहे. उघड."

"मंग दम धर ना," आई चिडून म्हणाली. "येऊन राह्यली ना मी."

शेजारीण म्हणाली, खिडकीतून हात घालून पाहू का? मी म्हटलं, नको. मी दाराला पाठ लावून तिथेच पायरीवर उन्हात बसले आणि ती येईपर्यंत थांबले.